कोहॉर्टचा तक्ता कसा वाचायचा: एक दुकान, ४,३७२ ग्राहक

ब्रिटनमधल्या एका ऑनलाइन दुकानाची एक्सेल फाइल गेली कित्येक वर्षं डेटाचं काम शिकणाऱ्यांच्या हातात फिरते आहे. नाव `Online Retail.xlsx`. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या यूसीआय संग्रहात ती कुणालाही मोफत मिळते. १ डिसेंबर २०१० ते ९ डिसेंबर २०११ या काळातली त्या दुकानाची विक्री तिच्यात ओळीओळीने नोंदलेली आहे. एकूण ५,४१,९०९ ओळी. दुकानाचं नाव दिलेलं नाही, पण ते भेटवस्तू विकतं आणि त्याच्या ग्राहकांत घाऊक व्यापारी बरेच आहेत एवढं फाइलच्या माहितीत सांगितलेलं आहे. कोहॉर्टचा तक्ता समजून घ्यायला मला याहून चांगली फाइल माहीत नाही, कारण हा तक्ता जिथे जिथे फसवतो त्या जवळपास सगळ्या जागा या एका फाइलमध्ये सापडतात.

आधी तक्ता लागतो कशाला ते पाहू. जानेवारी २०११ मध्ये या दुकानाकडून ७८३ वेगवेगळ्या ग्राहकांनी व्यवहार केला. नोव्हेंबर २०११ मध्ये १,७११ जणांनी. दहा महिन्यांत आकडा दुपटीच्या पुढे गेला. मालक खूश होईल. पण नुसत्या या आकड्यावरून एक गोष्ट कळत नाही: जुने ग्राहक जास्त प्रमाणात परत येऊ लागले, की दर महिन्याला नवे येत गेले आणि त्यांचा ढीग वाढत गेला? दोन्ही प्रकारांत एकूण आकडा वाढतोच. धंद्याच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे. नवा ग्राहक आणायला जाहिरातीचा खर्च येतो. जुना आपणहून परत आला तर तो वाचतो. नवे येणं थांबलं की दुसऱ्या प्रकारचं दुकान लगेच खाली येतं.

उत्तर मिळवायचं तर ग्राहकांच्या तुकड्या पाडाव्या लागतात. ज्याने ज्या महिन्यात पहिल्यांदा खरेदी केली, तो त्या महिन्याच्या तुकडीतला. ही तुकडी म्हणजेच कोहॉर्ट. एकदा तुकडी ठरली की ती बदलत नाही. मार्चमधला ग्राहक पुढे कितीही वेळा आला तरी मार्चचाच राहतो. मग प्रत्येक तुकडीतले किती जण पुढच्या महिन्यात दिसले, त्याच्या पुढच्या महिन्यात किती दिसले, हे मोजत जायचं. ज्या कंपन्यांकडे नोंदणीची तारीख असते त्या नोंदणीच्या महिन्यावरून तुकड्या पाडतात. आपल्या फाइलमध्ये ती तारीख नाही, फक्त बिलं आहेत, म्हणून पहिल्या बिलाचा महिना धरायचा. या दोन पद्धतींचे टक्के एकमेकांशेजारी ठेवायचे नाहीत, हे लक्षात असू द्या. नोंदणी करून कधीच काही न घेणारे लोक पहिल्या पद्धतीत भाजकात बसतात, दुसऱ्यात ते नसतातच. एकाच दुकानाचा टक्का एवढ्यानेच बराच वेगळा निघू शकतो.

पायथॉनमध्ये हे काम सात ओळींत होतं:

```python
import pandas as pd
df = pd.read_excel("Online Retail.xlsx").dropna(subset=["CustomerID"])
first = df.groupby("CustomerID")["InvoiceDate"].transform("min")
df["cohort"] = first.dt.to_period("M")
d = df["InvoiceDate"].dt
df["n"] = (d.year - first.dt.year) * 12 + (d.month - first.dt.month)
t = df.pivot_table(index="cohort", columns="n", values="CustomerID", aggfunc="nunique")
```

`first` म्हणजे त्या ग्राहकाच्या पहिल्या बिलाची तारीख, `n` म्हणजे तुकडीच्या महिन्यापासून किती महिने उलटले तो आकडा. शेवटच्या ओळीतलं `nunique` महत्त्वाचं आहे. एकाच ग्राहकाने एका महिन्यात पाच बिलं केली तरी त्याला एकदाच मोजायचं, ते काम हा शब्द करतो. तो विसरून `count` लिहिलं तर बिलातल्या ओळी मोजल्या जातात आणि परतणाऱ्यांचा टक्का शंभराच्या वर जाऊ शकतो. तसा आकडा दिसला की चूक इथे आहे हे ओळखायचं.

जो तक्ता तयार होतो त्यातल्या जून ते नोव्हेंबर २०११ या सहा तुकड्या अशा आहेत. शून्याच्या रकान्यात तुकडीतले एकूण ग्राहक, पुढच्या रकान्यांत त्यातले किती जण तेवढ्या महिन्यांनी परत दिसले ते:

| तुकडी (२०११) | ० | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| जून | २३५ | ४९ | ४४ | ६४ | ५८ | ७९ | २४ |
| जुलै | १९१ | ४० | ३९ | ४४ | ५२ | २२ | |
| ऑगस्ट | १६७ | ४२ | ४२ | ४२ | २३ | | |
| सप्टेंबर | २९८ | ८९ | ९७ | ३६ | | | |
| ऑक्टोबर | ३५२ | ९३ | ४६ | | | | |
| नोव्हेंबर | ३२१ | ४३ | | | | | |

जूनची ओळ वाचू. जूनमध्ये २३५ जण पहिल्यांदा आले. जुलैत त्यातले ४९ परत दिसले, म्हणजे २०.९ टक्के. ऑगस्टमध्ये ४४, सप्टेंबरमध्ये ६४. उजवीकडचा खालचा कोपरा रिकामा आहे, कारण ते महिने अजून उजाडलेलेच नव्हते. त्यामुळे असा तक्ता नेहमी त्रिकोणी दिसतो. रिकाम्या जागी शून्य भरू नका. ‘कुणी आलं नाही’ आणि ‘अजून वेळ आलेली नाही’ या वेगळ्या गोष्टी आहेत.

नव्या वाचकाला पहिला धक्का बसतो तो ४४ नंतर ६४ पाहून. सोडून गेलेले वीस जण परत कुठून आले? ते सोडून गेलेच नव्हते. मासिक वर्गणीच्या सेवेत ग्राहक गेला की गेला, त्यामुळे तिथे आकडा शक्यतो उतरतच जातो. दुकानात तसं नसतं; माणूस एक महिना गाळतो आणि पुढच्या महिन्यात येतो. फाइलमधल्या एका ग्राहकाकडे जवळून बघा. त्याचा क्रमांक `12347`, देश आइसलँड. त्याची बिलं ७ डिसेंबर २०१०, २६ जानेवारी, ७ एप्रिल, ९ जून, २ ऑगस्ट, ३१ ऑक्टोबर आणि ७ डिसेंबर २०११ या तारखांची आहेत. दोन बिलांमधलं अंतर कधी ३७ दिवस, कधी ९० दिवस. असा नियमित ग्राहक कुठल्याही दुकानदाराला हवाच. तरीही मासिक तक्त्यात तो फेब्रुवारी, मार्च, मे, जुलै, सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये गैरहजर आहे. म्हणून ‘२१ टक्के परतले’ या वाक्याचा उलट अर्थ ‘७९ टक्के गेले’ असा कधीच घेऊ नये. त्या महिन्यात ते दिसले नाहीत, एवढंच तक्ता सांगतो.

आता पूर्ण तक्त्याची सर्वात वरची ओळ, म्हणजे डिसेंबर २०१० ची तुकडी. ती ९४८ जणांची आहे. इतर कुठलीही तुकडी साडेचारशेच्या पुढे जात नाही. दुसरा क्रमांक मार्चचा, ४४० जणांचा. परतण्याचं प्रमाणही वेगळंच. पुढच्या महिन्यात ३६२ जण दिसले, म्हणजे ३८.२ टक्के, आणि अकराव्या महिन्यात तर ४७४, बरोबर निम्मे. जानेवारीच्या तुकडीचा पहिल्या महिन्याचा टक्का २४.०, फेब्रुवारीचा २४.७, मार्चचा १९.१. रंगीत तक्त्यात वरची ओळ गडद आणि खालचं सगळं फिकट दिसतं. हे चित्र बैठकीत मांडलं की कुणीतरी हमखास म्हणतं: डिसेंबरमध्ये आपण फार चांगले ग्राहक मिळवले, नंतर आपलं काहीतरी बिघडलं.

बिघडलेलं काहीच नाही. फाइल १ डिसेंबरला सुरू होते, दुकान नाही. त्या आधीपासून माल घेत आलेला व्यापारी डिसेंबरमध्ये नेहमीप्रमाणे आला, तर आपल्या सात ओळींना ते त्याचं पहिलंच बिल वाटतं. म्हणजे डिसेंबरच्या तुकडीत खरे नवे ग्राहक थोडे आणि जुने मुरलेले ग्राहक भरपूर. जुने का मुरलेले असतात, तर जे टिकणार नव्हते ते आधीच गळून गेलेले असतात. उरलेल्यांचा परतीचा टक्का जास्त असणारच.

याचा पुरावा फाइलमध्येच आहे. ज्या बिलाचा क्रमांक `C` ने सुरू होतो ते रद्द केलेलं किंवा माल परत घेतल्याचं बिल. ही बिलं काढून टाकून तक्ता पुन्हा केला तर डिसेंबरची तुकडी ९४८ वरून ८८५ वर येते. म्हणजे ६३ ग्राहक असे, ज्यांच्या नावावर त्या महिन्यात फक्त रद्द बिलं आहेत. रद्द करायला आधी काहीतरी घेतलेलं असावं लागतं, आणि त्यांची ती खरेदी या फाइलमध्ये कुठेच नाही. ती फाइल सुरू होण्याआधीची आहे. हे ६३ जण नवे नव्हते, एवढं तरी इथल्या इथे सिद्ध होतं.

जानेवारी आणि फेब्रुवारीच्या ओळींनाही हाच डाग आहे, फक्त कमी. नोव्हेंबर २०१० मध्ये माल घेऊन थेट फेब्रुवारीत परत आलेला व्यापारी फेब्रुवारीचा नवा ग्राहक म्हणून नोंदला जातो. जसजसं खाली यावं तसतसा डाग पुसट होतो, कारण इतके महिने न दिसलेले जुने ग्राहक कमी कमी होत जातात. नीट उपाय एकच: आणखी मागचा डेटा घेणं. याच दुकानाची `Online Retail II` नावाची दुसरी फाइल यूसीआयवर आहे, ती १ डिसेंबर २००९ पासून सुरू होते. त्या जास्तीच्या वर्षाचा उपयोग तक्त्यात ओळी वाढवायला करू नका. तो फक्त पाखडायला वापरा: त्या वर्षी जो दिसला तो २०१०-११ च्या तुकड्यांमधून बाद. असं केलं की डिसेंबर २०१० ची तुकडी आकसून खूप लहान होते. मागचा डेटा मिळतच नसेल, तर पहिल्या एकदोन ओळी तक्त्यात ठेवा पण त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे हेच बहुतेकदा सॉफ्टवेअर बदलल्यावर होतं. नव्या बिलिंग सिस्टिममध्ये जुने ग्राहक त्यांच्या मूळ तारखेनिशी आणले नाहीत, की सिस्टिम सुरू झाली त्या महिन्याची तुकडी अशीच फुगलेली आणि निष्ठावान दिसते.

वरच्या ओळीसारखीच खालची तिरपी कडही फसवी आहे. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा पाहा: २४, २२, २३, ३६, ४६, ४३. त्याच्या आधीच्या आकड्याच्या जवळपास निम्मा किंवा त्याहून कमी. जून ७९ वरून २४, जुलै ५२ वरून २२, सप्टेंबर ९७ वरून ३६. नोव्हेंबरच्या तुकडीचा तर एकच आकडा आहे, १३.४ टक्के, आणि तो बाकी सगळ्या तुकड्यांच्या पहिल्या महिन्यापेक्षा खूप खाली आहे. हे सगळे आकडे एकाच महिन्याचे आहेत, डिसेंबर २०११ चे, आणि त्या महिन्याचे फक्त नऊ दिवस फाइलमध्ये आहेत. नऊ दिवसांची हजेरी तीस दिवसांच्या हजेरीशेजारी ठेवली तर ती पडलेलीच दिसणार.

ही चूक दर महिन्याला, दर कंपनीत होते, कारण तक्ता सहसा चालू महिन्यात काढला जातो. दहा तारखेला डॅशबोर्ड उघडलं की शेवटचा तिरपा पट्टा फिका दिसतो, महिना संपता संपता तो आपोआप गडद होतो. पूर्ण न झालेला महिना तक्त्यातून काढून टाकायचा, किंवा निदान राखाडी रंगात दाखवायचा. त्याला अंदाजाने तिप्पट वगैरे करून भरू नका. डिसेंबरचे पहिले नऊ दिवस आणि नाताळनंतरचे दिवस भेटवस्तूंच्या दुकानात सारखे नसतात.

तिरप्या रेघेचा उपयोग मात्र मोठा आहे, आणि हा तक्त्याचा मला सर्वात आवडणारा भाग आहे. आडवी ओळ एका तुकडीचं आयुष्य दाखवते. उभा रकाना सारख्या वयाच्या तुकड्या शेजारी आणतो. वरून खाली डावीकडे उतरणारी तिरपी रेघ एकच कॅलेंडर महिना दाखवते. जूनची ओळ पाचव्या रकान्यात, जुलैची चौथ्या, ऑगस्टची तिसऱ्या, सप्टेंबरची दुसऱ्या आणि ऑक्टोबरची पहिल्या: ७९, ५२, ४२, ९७, ९३. हे सगळे नोव्हेंबर २०११ मधले. जूनच्या ओळीत आधीच्या महिन्याच्या ५८ वरून ७९, जुलैच्या ओळीत ४४ वरून ५२, सप्टेंबरच्या ओळीत ८९ वरून ९७. वरच्या ओळींतही तेच आहे. डिसेंबरची तुकडी ३५४ वरून ४७४ वर गेली. वेगवेगळ्या वयाच्या तुकड्या एकाच महिन्यात वर जातात, तेव्हा कारण त्या ग्राहकांच्या वयात शोधायचं नसतं. नाताळच्या आधी भेटवस्तू विकणारे व्यापारी माल भरतात, त्याचा हा परिणाम दिसतो.

उलट बाजू एप्रिलमध्ये दिसते. डिसेंबरची तुकडी मार्चमध्ये ३६७, एप्रिलमध्ये ३४१. जानेवारीची ११९ वरून १०२. फेब्रुवारीची ९४ वरून ७३. तिन्ही ओळी एकाच महिन्यात खाली आल्या आणि मे महिन्यात तिन्ही पुन्हा वर गेल्या: ३७६, १३८, १०६. त्या वर्षी ब्रिटनमध्ये ईस्टर २४ एप्रिलला होता आणि २९ एप्रिलला राजघराण्यातल्या लग्नाची सुट्टी होती, त्यामुळे महिन्याच्या शेवटी कामाचे दिवस कमी पडले. कारण तेच असेल असं तक्ता सांगू शकत नाही. पण कारण सगळ्या दुकानाला लागू पडणारं आहे, एका तुकडीपुरतं नाही, एवढं तो नक्की सांगतो.

मार्चच्या तुकडीवर यामुळे अन्याय होतो, तोही पाहून घ्या. तिचा पहिल्या महिन्याचा टक्का १९.१, सप्टेंबरच्या तुकडीचा २९.९. या दोन तुकड्या इतक्या मोठ्या आहेत की हा फरक निव्वळ योगायोगाचा म्हणता येत नाही. कुणी म्हणेल सप्टेंबरमध्ये चांगले ग्राहक आले. पण मार्चच्या तुकडीचा पहिला महिना म्हणजे तो पडलेला एप्रिल, आणि सप्टेंबरच्या तुकडीचा पहिला महिना म्हणजे सीझन चढत असलेला ऑक्टोबर. रकान्यातली तुलना सारख्या वयाची असते, सारख्या ऋतूची नसते. ऋतू ज्या धंद्यात जोरात चालतो तिथे यंदाच्या सप्टेंबरची तुकडी गेल्या सप्टेंबरच्या तुकडीशेजारी ठेवावी लागते, आणि त्यासाठी दोन वर्षांचा डेटा हवा. या एका फाइलवर ती तुलना करताच येत नाही.

तक्त्याच्या तळाशी बरीच साधनं एक सरासरीची ओळ आपोआप टाकतात. या फाइलमध्ये ती काय सांगते बघा. पहिल्या महिन्याचा हिशोब: डिसेंबर २०१० ते नोव्हेंबर २०११ या बारा तुकड्यांचे मिळून ४,३३१ ग्राहक, त्यातले १,१३१ परतले, म्हणजे २६.१ टक्के. अकराव्या महिन्याचा हिशोब: तिथवर पोचलेल्या तुकड्या दोनच, डिसेंबर आणि जानेवारी, मिळून १,३६९ ग्राहक, त्यातले ५३७ दिसले, म्हणजे ३९.२ टक्के. सरळ वाचलं तर अर्थ होतो की ग्राहक जितका जुना तितका जास्त येतो, आणि वर्षभरात टिकण्याचं प्रमाण दीडपट होतं. हे वाक्य अहवालात गेलं की पुढे कुणी तपासत नाही.

प्रत्यक्षात दोन्ही आकडे वेगळ्या माणसांचे आहेत. पहिल्या रकान्यात सगळ्या तुकड्या आहेत, अकराव्यात फक्त सर्वात वरच्या दोन, आणि त्यातली मोठी तुकडी जुन्या ग्राहकांनी भरलेली, शिवाय तिचा अकरावा महिना म्हणजे ऐन नोव्हेंबर. उजवीकडे जावं तशा सरासरीतल्या तुकड्या कमी होत जातात आणि कोण उरलं यावर आकडा ठरतो. म्हणून सरासरी काढायचीच तर ठरावीक तुकड्यांची काढा, ज्यांनी ते सगळे महिने पूर्ण केले आहेत. डिसेंबर २०१० ची संशयास्पद ओळ आणि नोव्हेंबरची अर्धवट ओळ वगळून मधल्या दहा तुकड्या घेतल्या तर ३,०६२ पैकी ७२६ जण पुढच्या महिन्यात परतले, म्हणजे २३.७ टक्के. वगळलेल्या एका डिसेंबरच्या ओळीमुळे आकडा २६ च्या पुढे गेला होता. हा २३.७ मला मांडण्यासारखा वाटतो, आणि तोसुद्धा ‘जानेवारी ते ऑक्टोबर २०११ च्या तुकड्या’ असं शेजारी लिहून.

सरासरी काढताना टक्क्यांची सरासरी घ्यायची नाही, माणसं मिळवून भागायचं. टक्क्यांची सरासरी घेतली की ऑगस्टच्या १६७ जणांना मार्चच्या ४४० जणांइतकंच वजन मिळतं. ऑगस्टचंच उदाहरण पुढे नेऊ. तिचा पहिल्या महिन्याचा टक्का २५.१, जुलैचा २०.९. चार टक्क्यांचा फरक कागदावर मोठा वाटतो. पण १६७ जणांच्या तुकडीत निव्वळ योगायोगाने आकडा साधारण साडेसहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. ऑगस्टमध्ये नवी योजना आणली आणि तिचा हा परिणाम, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. म्हणूनच टक्क्यांच्या तक्त्यातही शून्याच्या रकान्यात माणसांची संख्या दिसलीच पाहिजे. ती न दाखवता नुसते रंग दाखवणारा तक्ता मी परत पाठवतो.

महिना हे माप तरी योग्य आहे का? आइसलँडच्या त्या ग्राहकाकडे परत गेलं तर नाही. इथला नियमित ग्राहक दोनतीन महिन्यांनी माल भरतो, आणि मासिक चाळणीतून तो निम्म्या वेळा निसटतो. शिवाय कॅलेंडर महिन्याची हद्द विचित्र वागते. एकाने १ ऑक्टोबरला पहिली खरेदी केली आणि ३१ ऑक्टोबरला दुसरी, तर तो पहिल्या महिन्यात परतलेला धरत नाहीत. दुसऱ्याने ३१ ऑक्टोबरला पहिली आणि १ नोव्हेंबरला दुसरी केली, तर तो परतलेला. पहिला महिनाभराने आला, दुसरा एका दिवसात, आणि तक्ता उलटं सांगतो.

यावर दोन वाटा आहेत. एक, प्रत्येक ग्राहकाच्या पहिल्या बिलापासून दिवस मोजायचे आणि ३० ते ५९ दिवसांत परत आला का ते पाहायचं. असं केलं तर ज्यांना ते ५९ दिवस पूर्ण मिळाले त्यांनाच हिशोबात घ्यायचं. या फाइलमध्ये पहिली खरेदी १० ऑक्टोबर २०११ पर्यंत झालेले ग्राहक चालतील, नंतरचे नाहीत. दुसरी वाट, माप मोठं करायचं. डिसेंबर ते फेब्रुवारी, मार्च ते मे, जून ते ऑगस्ट आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर अशा चार तिमाह्या केल्या तर पूर्ण बारा महिने नेमके बसतात आणि शेवटचे अर्धवट नऊ दिवस बाहेर पडतात. त्या मापात `12347` चारही तिमाह्यांत हजर आहे. घाऊक ग्राहक असलेल्या दुकानाला मी तिमाहीच सुचवीन. किराणा पोचवणाऱ्या ॲपला हीच तिमाही निरुपयोगी ठरेल, तिथे आठवडा लागतो. माप निवडताना एकच गोष्ट बघायची: चांगला, टिकलेला ग्राहक साधारण किती दिवसांनी परत येतो. माप त्याहून थोडं मोठं ठेवायचं.

शेवटी कोण मोजलं जातं याबद्दल. फाइलमधल्या १,३५,०८० ओळींत ग्राहक क्रमांकच नाही, म्हणजे जवळपास पाव भाग. आपल्या कोडमधलं `dropna` त्या ओळी मुकाट्याने टाकून देतं. त्या ओळींमागचे लोक परत आले की नाही हे कधीच कळणार नाही, त्यामुळे वरचे सगळे टक्के फक्त क्रमांक असलेल्या ४,३७२ ग्राहकांचे आहेत. तक्त्याखाली हे लिहायलाच हवं.

आणि मोजलेल्यांपैकी सगळेच ग्राहक म्हणण्यासारखे असतात असंही नाही. `12346` या क्रमांकाच्या ग्राहकाने १८ जानेवारी २०११ च्या सकाळी १० वाजून १ मिनिटाने चिनी मातीच्या झाकणाच्या ७४,२१५ बरण्यांची ऑर्डर नोंदवली, ७७,१८३ पौंड ६० पेन्स इतक्या रकमेची. १० वाजून १७ मिनिटांनी ती पूर्ण रद्द झाली. या फाइलमध्ये त्याचं दुसरं काहीच नाही. मासिक तक्त्यात तो जानेवारीच्या ४२१ जणांपैकी एक आहे, आणि कधीच न परतलेला. रद्द बिलं सरसकट वगळली तर गोष्ट आणखी बिघडते: `C` ची ओळ जाते, मूळ ऑर्डरची ओळ राहते, आणि ज्याने एक बरणीही घेतली नाही तो जानेवारी महिन्यापुरता त्या तुकडीचा सर्वात मोठा खरेदीदार होऊन बसतो. माणसं मोजणाऱ्या तक्त्यात यामुळे एकाचाच फरक पडतो. पण हाच तक्ता पौंडात केला, म्हणजे प्रत्येक तुकडीने पुढच्या महिन्यांत किती पैसे दिले असा, तर जानेवारीचा शून्याचा रकाना या एका माणसामुळे फुगतो आणि पुढच्या प्रत्येक महिन्याचा टक्का खाली दबतो. त्यामुळे रद्द बिल आधी त्याच्या मूळ बिलाशी जोडायचं, दोन्ही एकमेकांत वळती करायची, त्यातून ज्याच्या नावावर काही उरतं तेवढ्यांनाच तुकडीत घ्यायचं, आणि मगच वरच्या सात ओळी चालवायच्या.